अप्रेझल लेटरमधून पेरोलची यादी: ही कारकुनी आहे का?

प्रश्न: मी बी.कॉम. झाले आणि पिंपरीत एका पेरोल सेवा देणाऱ्या कंपनीत ट्रेनी आहे. सध्या एका क्लायंटची अप्रेझल लेटर्स आली आहेत. पीडीएफ उघडायची, वाढ, प्रमोशन, नवी ग्रेड बघायची आणि एक्सेलमधल्या चेंज लिस्टमध्ये भरायची, एवढंच काम. एका माणसाचा जुना पगार महिना ४०,००० आणि नवा ४६,८००, एक एप्रिलपासून. जुलैच्या पगारात तीन महिन्यांचे अरिअर्स मी २०,४०० लिहिले. सिनिअर मॅडमनी ते १४,४०० केले, पण का ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाबा म्हणतात, ही डेटा एन्ट्री आहे, सोड आणि पूर्णवेळ एम.कॉम. कर. मॅडम, यात शिकण्यासारखं काही आहे का?

उत्तर: आहे, आणि ते नेमकं त्या सहा हजारांच्या फरकातच आहे. म्हणून आधी तिथूनच सुरुवात करू.

ते पत्र माझ्यासमोर नाही, पण तुझ्या मॅडमचा आकडा बरंच सांगून जातो. १४,४०० ला तीनने भाग, ४,८०० येतात. ४०,००० वर ४,८०० म्हणजे बरोबर १२ टक्के. एकूण वाढ ६,८०० ची. त्यातले उरलेले २,००० म्हणजे ४०,००० वर ५ टक्के. याचा अर्थ त्या माणसाला एका पत्रात दोन गोष्टी मिळाल्या असणार: १ एप्रिलपासून १२ टक्के वार्षिक वाढ, आणि पुढच्या कुठल्यातरी परिच्छेदात प्रमोशन व त्यासोबतची ५ टक्के वाढ, १ जुलैपासून. पत्राच्या शेवटी सुधारित सीटीसी म्हणून एकच रक्कम असते, ४६,८०० महिना किंवा ५,६१,६०० वार्षिक. तू ती रक्कम घेतलीस आणि पहिल्या परिच्छेदातली तारीख तिला चिकटवलीस. दोन्ही गोष्टी पत्रातच होत्या, पण त्या एकमेकींच्या नव्हत्या. पत्र पुन्हा उघड आणि प्रमोशनचा परिच्छेद शोध. तिथे दुसरी तारीख असेल.

अशा माणसासाठी यादीत एक ओळ पुरत नाही, दोन लागतात. पहिली ओळ: १ एप्रिल, जुना ४०,०००, नवा ४४,८००, कारण वार्षिक वाढ, ग्रेड जुनीच. दुसरी: १ जुलै, जुना ४४,८००, नवा ४६,८००, कारण प्रमोशन, नवी ग्रेड आणि नवं पदनाम. मग एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे ४,८०० प्रमाणे अरिअर्स आणि जुलैचा पगार ४६,८०० ने, हे सॉफ्टवेअर स्वतःच काढतं. अरिअर्सचा आकडा हाताने लिहायची वेळ आली, तर आधी आपल्या ओळी अपुऱ्या आहेत का ते बघ.

याच पत्रात आणखी एक खाच आहे. प्रमोशनचे ५ टक्के कशावर? जुन्या ४०,००० वर धरले तर २,०००, वाढीनंतरच्या ४४,८०० वर धरले तर २,२४०. पत्रात बहुतेक वेळा नुसतं 'अतिरिक्त ५ टक्के' एवढंच लिहिलेलं असतं. अंतिम रक्कम ४६,८०० आहे म्हणून इथे ते जुन्या पगारावर आहेत हे कळलं. ती ४७,०४० असती तर उलटं. म्हणून यादीत 'टक्के कशावर' असा एक रकाना तू स्वतः वाढव आणि प्रत्येक ओळीला ही परीक्षा लाव:

```
=ROUND(E2+D2*F2/100,0)-G2
```

इथे `D2` म्हणजे टक्के ज्या रकमेवर आहेत ती, `E2` जुना पगार, `F2` टक्के आणि `G2` पत्रातला नवा पगार. उत्तर शून्य आलं पाहिजे. क्लायंट वार्षिक रक्कम शंभरात पूर्ण करत असेल तर काही रुपयांचा फरक येईल, तो चालतो. फरक शेकड्यात गेला तर टक्के, पाया किंवा रक्कम यांपैकी काहीतरी चुकलं आहे. ते तू आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही. ओळीपुढे शेरा लिहून क्लायंटच्या एचआरला विचारायचं आणि उत्तर मेलवर घ्यायचं.

आता जुन्या पगाराबद्दल. तो पत्रातून घेऊ नकोस, पेरोलच्या मास्टरमधून घे आणि पत्रातल्याशी ताडून बघ. दोन्ही जुळले नाहीत, तर बहुधा मधल्या काळात त्या माणसाचा पगार एकदा बदललेला असतो, उदाहरणार्थ नोकरी कायम झाल्यावर, आणि पत्र मात्र जुन्या शीटवरून निघालेलं असतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे व्हेरिएबल पे. पत्रातली वाढ व्हेरिएबलसकट एकूण सीटीसीवर असते आणि मास्टरमध्ये तू फक्त फिक्स्ड बघत असतेस. हे ताडणं कर्मचारी क्रमांकावरूनच कर, नावावरून कधीही नको. एका कारखान्यात एकाच नावाचे दोघेतिघे सहज निघतात. आणि तो रकाना आधी टेक्स्ट करून घे, नाहीतर ००४१७ चा ४१७ होतो आणि लुकअपला माणूसच सापडत नाही.

ग्रेडच्या बाबतीत ट्रेनी मुलं सर्वात जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबते. नवी ग्रेड दिसली की 'प्रमोशन' लिहायचं, अशी सवय लागते. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रकार असतात. खरं प्रमोशन, ज्यात ग्रेड आणि पदनाम दोन्ही वर जातात. नुसता पदनामातला बदल, ज्यात 'एक्झिक्युटिव्ह'चा 'सिनिअर एक्झिक्युटिव्ह' होतो पण ग्रेड तीच राहते. आणि तिसरा, कंपनीने ग्रेडची शिडीच नव्याने मांडलेली असते, म्हणून कालचा 'ई-२' आज 'बी-४' होतो. माणूस जिथे होता तिथेच असतो. तिसऱ्या प्रकाराला प्रमोशन लिहिलंस तर सॉफ्टवेअर त्या ग्रेडला जोडलेल्या सगळ्या गोष्टी हलवू शकतं: नोटीस पिरियड, मेडिक्लेमची रक्कम, मोबाइल किंवा प्रवासाच्या खर्चाची मर्यादा. पगाराचा आकडा बरोबर असल्याने ही चूक स्लिपवर दिसत नाही. ती बाहेर येते सहा महिन्यांनी, कोणी राजीनामा दिला आणि नोटीस एक महिन्याची की दोन, यावरून वाद झाला तेव्हा. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच ग्रेडमधली सगळीच माणसं एकाच नव्या ग्रेडमध्ये गेली असतील, तर ती नवी मांडणी आहे. क्लायंटकडून जुनी ग्रेड–नवी ग्रेड असा तक्ता मागून घे. तक्त्याप्रमाणे जी ग्रेड यायला हवी, त्याहून वरची ज्यांच्या पत्रात आहे, ती खरी प्रमोशनं.

नव्या पगाराचे घटक पत्राच्या जोडपत्रात असतात: बेसिक, घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स, कंपनीचा पीएफ. एकूण बेरीज जुळली म्हणून पुढे जाऊ नकोस. बेसिक सीटीसीच्या ४० टक्के असेल तर तुझ्या माणसाचं बेसिक १६,००० वरून आधी १७,९२० आणि मग १८,७२० व्हायला हवं. बऱ्याचदा जोडपत्र फक्त अंतिम पगाराचं असतं. मग एप्रिल ते जूनचं विभाजन कुठून आणायचं? त्याच टक्क्यांनी काढायचं आणि एचआरकडून मंजूर करून घ्यायचं. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर कंपनीचा हिस्सा १,८०० च राहतो आणि ४,८०० ची पूर्ण वाढ ग्रॉसमध्ये उतरते. पीएफ पूर्ण बेसिकवर असेल, तर वाढीतला काही भाग पीएफला जातो. 'पत्रात ४,८०० वाढले, स्लिपमध्ये कमी का?' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

ईएसआयचंही लक्षात ठेव. मर्यादा महिना २१,००० ग्रॉसची आहे. १ जुलैच्या वाढीने एखादा २०,५०० वरून २२,००० वर गेला, तर तो लगेच बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा अंशदानाचा काळ संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, कपात चालू राहते. म्हणून वाढीच्या ओळीसोबत ईएसआय 'नाही' करायचं नाही.

आता पीडीएफ एकेक करून उघडण्याबद्दल. ही पत्रं एचआरने मेल मर्जने काढलेली असतात, म्हणजे मागे एक शीट असतेच. ती मॅडममार्फत मागून घे. टायपिंगचं निम्मं काम वाचेल. पण शीट हा पुरावा नव्हे. शीटनंतर कोणाची वाढ साहेबांनी बदललेली असते, कोणाला दुसरं, सुधारित पत्र गेलेलं असतं, कोणाचं पत्र नोटीस पिरियडमुळे रोखलेलं असतं. सही होऊन कर्मचाऱ्याला गेलेलं पत्र प्रमाण, आणि दोन पत्रं असतील तर नंतरच्या तारखेचं. शीटवरून यादी भर आणि मग प्रत्येक पत्र उघडून फक्त चार गोष्टींवर टिक कर: क्रमांक, नवी रक्कम, ग्रेड, आणि प्रत्येक बदलाची तारीख. तारखेवर डोळ्यांत तेल घालून बघ. ०४/०७ चा एक्सेलने ७ एप्रिल केला तर अरिअर्स आपोआप तयार होतात आणि कोणाला शंकाही येत नाही.

यादी सोपवण्याआधी शेवटचा ताळा. किती पत्रं आली, किती माणसं यादीत आहेत, मास्टरमधली कोणती माणसं यादीत नाहीत आणि का, हे लिहून काढ. मग सगळ्यांच्या जुन्या पगारांची बेरीज, वाढीची बेरीज, नव्या पगारांची बेरीज. वाढीची बेरीज क्लायंटच्या मंजूर आकड्याशी जुळली, की कट-ऑफच्या आधी यादी द्यायला तू मोकळी.

बाबांना वाटतं त्यात तथ्य आहे, जोवर तू फक्त आकडे उचलते आहेस तोवर. टायपिंगचं काम कमी होत जाणार, यात शंका नाही. पण दोन तारखा वेगळ्या करणं, टक्क्यांचा पाया शोधणं, प्रमोशन आणि नवी मांडणी यांत फरक करणं, हे पेरोल एक्झिक्युटिव्हचं काम आहे आणि मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. एम.कॉम. कर, पण नोकरी सोडून नको. बाहेरून करता येतं. कायद्याची बाजू, म्हणजे पीएफ, ईएसआय, पगारावरचा टीडीएस, तुला इथे दर महिन्याला खऱ्या स्लिपवर दिसते आहे, तशी ती वर्गात दिसणार नाही. एक वर्ष पूर्ण कर, म्हणजे मार्चचा टीडीएस आणि एक पूर्ण अप्रेझल तुझ्या हाताखालून जाईल.

या आठवड्यात मॅडमना एवढंच विचार: जुलैचा पगार चालवताना मी शेजारी बसू का? तुझ्या यादीतली पाच माणसं आधीच निवडून ठेव, त्यात हा ४६,८०० वाला असू दे. त्यांची अपेक्षित स्लिप कागदावर काढ आणि सॉफ्टवेअरमधून आलेल्या स्लिपशी घटकागणिक लावून बघ. जिथे फरक येईल, तो घटक वहीत लिहून घे आणि त्याच दिवशी कारण विचार.