आधी चादर उचल

प्रिय डॉक्टर,

ही हाक ऐकली की तू अजून मागे वळून बघतेस, कुणाला म्हणताहेत म्हणून, असं तुझी आई सांगत होती. होईल सवय.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिली कॉलची रात्र, ऑर्थोचा वॉर्ड, मांडीचं हाड मोडलेला 42 वर्षांचा माणूस पहाटे दोनला ओरडतोय, सलाईन उपटतोय, बायको रडतेय, शेजारच्या खाटांवरचे शिव्या घालताहेत, सिस्टर म्हणताहेत, "डॉक्टर, काहीतरी द्या." तू हॅलोपेरिडॉल दिलंस, तो शांत झाला. सकाळी सहाला फिटचा झटका आला, आयसीयूत गेला, आता वॉर्डात परत आलाय. एक सीनियर म्हणतो तुझ्या इंजेक्शनमुळे झालं, दुसरा म्हणतो होणारच होतं. आणि तू मला विचारतेस, "सर, मी चुकले का?"

अगं, चार पानांच्या पत्रात नाडीचा आकडा नाही! सिस्टर काय बोलल्या ते शब्दन् शब्द आहे, तुला किती घाम फुटला तेही आहे. त्याला किती घाम होता? एका ओळीत तू लिहून गेलीस की तो चादरीवरच्या मुंग्या झटकत होता आणि त्याचा बनियन पिळून काढावा इतका ओला होता. ॲडमिट झाल्याची तिसरी रात्र. मुंग्या, घाम, तिसरी रात्र. दोनशे किलोमीटरवर बसून मला जे दिसलं, ते खाटेपाशी उभं राहून तुला का दिसलं नाही, हे मी तुला विचारणार होतो. पण तो अधिकार मला नाही. का, ते सांगतो.

माझी पहिली रात्र 1991 ची, सर्जरीच्या वॉर्डातली. अडुसष्ट वर्षांचे एक शेतकरी आजोबा. दुपारी पाठीत भूल देऊन हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. रात्री बाराला आजोबा खाटेवरून उतरायला लागले, जखमेवरची पट्टी ओढायला लागले, "मला घरी जायचंय, बैल सुटलेत" म्हणून ओरडायला लागले. वॉर्डबॉयने हात बँडेजने खाटेला बांधले होते. मी दारातूनच ऑर्डर दिली: हॅलोपेरिडॉल पाच मिलिग्रॅम, प्रोमेथाझिन पन्नास. अर्ध्या तासात वॉर्ड शांत. आजींनी मला हात जोडले, "देवासारखे धावून आलात" म्हणाल्या. त्या रात्री मी फार छान झोपलो.

सकाळच्या राउंडला सरांनी एक शब्द न बोलता चादर उचलली. बेंबीपर्यंत पोट फुगलेलं. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. टणक, घट्ट, कलिंगडासारखं. कॅथेटर घातला तर चौदाशे मिलिलिटर लघवी निघाली. पाठीतली भूल, हर्निया, म्हातारपणातलं प्रोस्टेट, तिन्ही मिळून लघवी अडली होती आणि आजोबा रात्रभर तेच ओरडून सांगत होते, फक्त बैलांच्या भाषेत. वर मी दिलेलं प्रोमेथाझिन मूत्राशयाला आणखी ढिलं पाडणारं. म्हणजे जो आजार होता तोच मी वाढवला आणि सांगायला तोंड होतं तेही बंद केलं. ताणून ताणून मूत्राशयाचा जोरच गेला. कॅथेटर दोनदा काढून पाहिला, दोन्ही वेळा पुन्हा घालावा लागला. तिसऱ्या दिवशी घरी जाणारा माणूस सतराव्या दिवशी नळी घेऊनच गेला. जातानाही आजींनी हात जोडलेच.

त्या रात्री माझ्याकडे पन्नासवर पेशंट होते, जोडीला कुणी नव्हतं, सलग छत्तीस तासांची ड्यूटी होती. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तेव्हा वॉर्डात नसायचंच. हे सगळं खरं आहे आणि इतकी वर्षं मी ते स्वतःला सांगत आलोय. पण पोटावर हात ठेवायला कुठलं यंत्र लागत होतं?

म्हणून म्हणतो, आधी चादर उचल. इंजेक्शन भरायला सिस्टरना दोन मिनिटं लागतात, तेवढीच तुला हवीत. दिवा लाव, अंधारात त्याला सावल्या दिसतात. सगळ्यांना गप्प कर, तू एकटीच बोल, आणि त्याच्या ओळखीच्या एका माणसाला त्याचा हात धरायला लाव. बोलता बोलता नाडी बघ, बोटाला ऑक्सिमीटर लाव, शुगर कर. ऑक्सिजन कमी पडलेला माणूसही असाच ओरडतो, शुगर उतरलेलाही. मग चादर उचल: ओटीपोट, कॅथेटर असेल तर तो पिळलाय का, बांधलेल्या हातांना बँडेज काचतंय का. त्याला दोन्ही हात समोर धरायला सांग.

तुझ्या माणसाचे हात थरथरले असते. आणि मग तू बायकोला नाही, भावाला बाहेर बोलावून विचारलं असतंस, "शेवटची कधी घेतली?" बायकोसमोर सगळेच "कधीमधी" घेतात. रोजची दारू अपघाताच्या दिवशी अचानक तुटली की झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि मुंग्या, घाम, बरळणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिथे औषध लोराझेपाम: दोन मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, श्वासावर लक्ष ठेवून, लागेल तसं पुन्हा. सोबत थायामिन, आणि तेही ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी. एकटं हॅलोपेरिडॉल त्याला गप्प करतं, पण दारू तुटल्याचं काहीच भागवत नाही, उलट झटक्याचा उंबरठा खाली आणतं. तुझे दोन्ही सीनियर अर्धे अर्धे बरोबर आहेत. त्यातलं कुठलं अर्धं तुझ्या वाट्याचं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, आणि मी खोटा दिलासा देणार नाही.

सुई देऊच नको, असं मी म्हणतोय असं समजू नकोस. माणूस मोडलेल्या पायावर उभा राहणार असेल तर द्यावीच लागते, आणि म्हाताऱ्याला हॅलोपेरिडॉल लागलंच तर अर्ध्या मिलिग्रॅमने सुरुवात होते, माझ्यासारखी पाचने नव्हे. पण चादर उचलल्यावर. सिस्टर रागावतील, रागावू देत. त्यांना तीस पेशंट झोपवायचे असतात, त्यांचंही चुकत नाही. "दोन मिनिटं" म्हण आणि चादर उचल. मी गेली तीस वर्षं हेच करतो म्हणून ज्युनियर मला मागून 'चादरवाले सर' म्हणतात, ठाऊक आहे मला.

तो आता शुद्धीवर आहे म्हणतेस, तर आज संध्याकाळी राउंड संपल्यावर त्याच्यापाशी जाऊन बस. त्या रात्री काय दिसत होतं ते विचार. काहींना सगळं आठवतं. माफी मागायची की नाही ते त्याचं ऐकून झाल्यावर ठरव.

गुरुवारी तुझा पुन्हा कॉल आहे ना? स्वतःचा ग्लुकोमीटर खिशात ठेव. वॉर्डातल्याच्या स्ट्रिप्स रात्री नेमक्या संपलेल्या असतात.

तुझा,
सर