अंगठी घट्ट होत असेल तर पाणी कमी नाही, जास्त झालंय

प्रश्न: नागपूरच्या उन्हात दर रविवारी तीन तास पळते. भरपूर पाणी प्या असं सगळे सांगतात म्हणून चार लिटर साधं पाणी पिते. तरीही घरी आल्यावर डोकं ठणकतं, मळमळतं, बोटातली अंगठी निघत नाही. वजन ६० किलो. परवा पळून आल्यावर ६१.३ भरलं. शरीरातलं पाणी कमी पडतंय का? घरच्या घरी इलेक्ट्रॉलसारखं काय बनवू?

उत्तर: तुम्ही वजन करून पाहिलंत हे फार चांगलं झालं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यातच आहे. तीन तास घाम गाळून माणसाचं वजन थोडं उतरायला हवं. वाढलं याचा अर्थ शरीरातून गेलं त्यापेक्षा पोटात जास्त गेलं. डोकेदुखी आणि मळमळ दोन्ही बाजूंनी होते, पाणी कमी पडलं तरी आणि जास्त झालं तरी. म्हणून नुसत्या त्रासावरून ओळखता येत नाही. वजन वाढणं आणि बोटं सुजणं या दोन खुणा मात्र एकाच बाजूला बोट दाखवतात: रक्तातलं सोडियम पातळ होतंय.

मी डॉक्टर आहे आणि शर्यतींच्या वेळी वैद्यकीय तंबूत बसते. एकदा तिशीतला एक मुलगा अंतिम रेषेपलीकडे झोकांड्या देत आला. उलट्या चालू होत्या, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वळ होता आणि मित्र त्याला आणखी पाणी पाजत होते. त्याचं सोडियम १२३ निघालं. निरोगी माणसाचं १३५ ते १४५ असतं. त्या वेळी त्याच्या हातातली बाटली काढून घेणं हाच पहिला उपचार होता.

आता तुमचा हिशेब मांडते. चार लिटर प्यायलात आणि वजन १.३ किलो वाढलं, म्हणजे घाम आणि श्वासावाटे साधारण २.७ लिटर गेलं. तासाला ९०० मिली. (मधे लघवी झाली नाही असं धरलंय. लांब पळताना शरीर पाणी राखून ठेवायचं संप्रेरक सोडतं, त्यामुळे जास्तीचं पाणी मूत्रपिंडं लगेच बाहेर टाकत नाहीत. खरी अडचण तिथेच आहे.) एवढ्या घामातून अंदाजे सहा ग्रॅम मीठ जातं, कुणाचं याच्या निम्मं, कुणाचं दीडपट. तुमच्या वजनाच्या बाईच्या अंगात सुमारे ३२ लिटर पाणी धरलं, तर मीठ गेलं आणि वर १.३ लिटर साधं पाणी साठलं म्हणून १४० असलेलं सोडियम १३१-१३२ वर येतं. अंदाजच आहे हा, पण तुमचा त्रास त्याच्याशी जुळतो.

यापुढचं मात्र बहुतेकांना पटत नाही. समजा तुम्ही तेच चार लिटर मीठ घालून प्यायलात, लिटरला दीड ग्रॅम मीठ. तरी त्याच हिशेबाने सोडियम १३४-१३५ च्या आसपासच राहील. आणि साधं पाणीच प्यायलात, पण दोनच लिटर, तर ते जवळजवळ १४० वर टिकेल. कारण कुठलंही पिता येण्याजोगं पेय रक्तापेक्षा कितीतरी अळणी असतं; ते अति प्यायलं तरी रक्त पातळच करतं. म्हणून आधी प्रमाण आवरा, मग मिठाकडे वळा. तहान लागली की प्यायचं, तहान नसताना वेळ लावून प्यायचं नाही. पळून आल्यावर वजन अर्धा ते एक किलो उतरलेलं असलं तर घाबरू नका, ते जेवणाबरोबर भरून निघतं.

आता घरचं पेय. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. जुलाबासाठीचं मीठ-साखरेचं पाणी म्हणजे एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, म्हणून यात साखर चवीपुरती नसते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रोग्यांना असंच द्रावण तोंडाने पाजून जीव वाचवले, कारण शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. जुलाबातून सोडियम खूप जातं, म्हणून त्यात मीठ जास्त.

पळण्यासाठी तेवढं मीठ लागत नाही आणि चवीलाही जड जातं. मी स्वतः एक लिटर पाण्यात पाव सपाट चमचा मीठ, दहा सपाट चमचे साखर आणि अर्धं लिंबू घेते. साखर इथे इंधन म्हणूनही कामाला येते. आपलं नेहमीचं लिंबू सरबत किंवा पन्हं याच्या दुप्पट-तिप्पट गोड असतं; ते पोटात रेंगाळतं आणि पळताना कळ आणतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. शहाळं आवडीने प्या, पण मिठाची जागा ते घेत नाही. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक आणि वरण-भात याने बाकीचं काम होतं.

चूक होते ती चमच्यात. चमचा पाच मिलीचा हवा आणि सुरीने शीग काढून सपाट केलेला हवा. माझ्या घरच्या दोन ‘चहाच्या’ चमच्यांत मीठ मोजलं तेव्हा एकात दुसऱ्याच्या दीडपट बसलं. सोनारी छोटा काटा मिळाला तर दीड ग्रॅम मीठ, चाळीस ग्रॅम साखर असं एकदा तोलून आपला चमचा ठरवून टाका. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ यात वापरू नका. केलेलं पेय २४ तासांच्या आत संपवा.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मीठ वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. पळण्याआधी अंगदुखीची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेत असाल तर ती सोडा. तिने शरीरात पाणी अडकण्याचा धोका वाढतो.

पुढच्या रविवारी निघण्याआधी लघवी करून, कमी कपड्यांत वजन करा. बरोबर दोन लिटर ठेवा, तहानेप्रमाणे घ्या, परत येऊन घाम पुसून पुन्हा वजन करा. वजन किलोभराहून जास्त उतरलं आणि लघवी गडद झाली तर त्यापुढच्या वेळी तासाला शंभर-दीडशे मिली वाढवा. वजन वाढलंच तर तिथेच पिणं थांबवा, लघवी मोकळी होईपर्यंत खारट काहीतरी खा. बोलण्यात गोंधळ, वारंवार उलट्या किंवा झटके आले तर कुणीही तोंडाने पाणी पाजू नये, सरळ रुग्णालय गाठावं आणि ‘खूप पाणी प्यायली होती, सोडियम तपासा’ हे आधी सांगावं. मात्र अंग भाजत असेल आणि भान हरपत असेल तर तो उष्माघात. तिथे वाहनाची वाट बघत बसू नका, हातात असेल त्या थंड पाण्याने अंग भिजवायला लगेच सुरुवात करा.