रिबाँडिंग की नैसर्गिक वेव्ही केस? निर्णय केसाच्या पहिल्या वळणावरून घ्या

प्रश्न: "माझे केस वेव्ही आहेत, पाठीच्या मध्यापर्यंत लांब आहेत आणि पावसाळ्यात खूप फुगतात. कायमचे सरळ करून घ्यावेत असं वाटतं, पण मैत्रीण म्हणते की सहा महिन्यांत मुळाशी वेगळे केस दिसायला लागतात आणि मग सुटका नाही. काय करू?"

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. मुळाशी येणारा फरक प्रत्येकीला सहा महिन्यांतच दिसतो असे नाही. तो केव्हा दिसणार हे तुमच्या केसाला पहिले वळण टाळूपासून किती अंतरावर पडते यावर ठरते, आणि ते अंतर तुम्ही घरीच मोजू शकता. पार्लरमध्ये मी बरीच वर्षे हेच काम करते. खुर्चीवर बसण्याआधी हे मोजून आलेली बाई क्वचितच भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केस नेहमीच्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने ओलेच विंचरा, जुन्या सुती पंचाने दाबून पाणी टिपा आणि मग पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नका. वाळल्यावर भांगाजवळची, कानशिलाजवळची आणि मानेवरची एकेक बट घ्या, ती न ताणता टाळूपासून पहिल्या वळणापर्यंतचे अंतर शिवणाच्या टेपने मोजा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. एकाच डोक्यावर हे आकडे वेगवेगळे येतात. बहुतेकींच्या कानशिलाजवळचे केस बारीक असतात आणि तिथे वळण लवकर पडते, तर डोक्याच्या मागच्या बाजूला ते बरेच खाली असते.

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटचे क्रीम केसातले गंधकाचे बंध तोडते, इस्त्रीने केस सरळ केला जातो आणि न्यूट्रलायझर ते बंध नव्या, सरळ मांडणीत पुन्हा जोडतो. हे फक्त त्या दिवशी डोक्यावर असलेल्या केसाला होते. टाळूच्या आतून येणारा केस पूर्वीसारखाच वळणाचा येतो, पण वळण दिसण्याइतकी लांबी मिळेपर्यंत तो सरळच भासतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचे आकडे असे होते: कानशिलाजवळ ३ सेंटिमीटर, भांगाजवळ ६, मागे १०. त्यांना कानशिलाजवळचा फरक तिसऱ्या महिन्यात जाणवू लागला, भांगाजवळचा सहाव्या महिन्याच्या सुमारास, आणि मागचा वर्षाच्या आत फारसा कोणाच्या लक्षातही आला नाही. तो फरक रेघेसारखा नव्हता. आधी मुळाशी केस उचलल्यासारखे, किंचित फुगलेले दिसायचे आणि पावसाळ्यात तेवढाच भाग पिंजारायचा, कारण दमट हवेत नव्या केसाचे वळण लगेच उठून दिसते, तर खालचा भाग चपटा राहतो. सगळ्याच ठिकाणी वळण अगदी मुळापासून पडत असेल, तर मात्र तीन-चार महिन्यांतच डोक्याभोवती स्पष्ट पट्टा दिसतो.

आता टच-अपविषयी, कारण खरी देखभाल ती आहे. नवीन केस किमान ६ ते ८ सेंटिमीटर झाल्याशिवाय टच-अप करू नये, म्हणजे साधारण सहा-सात महिने थांबावे लागते. त्याआधी क्रीम फक्त नव्या भागावर लावणे आणि तेवढाच भाग इस्त्रीत धरणे हाताला जमत नाही. क्रीम टाळूला न टेकवता, त्यापासून थोडे अंतर ठेवून लावायचे असते, आणि आधी सरळ केलेल्या केसावर ते चढू द्यायचे नसते. ते चढले तर त्या ठिकाणचे बंध दुसऱ्यांदा तुटतात आणि केस नेमका जोडावर कमकुवत होतो. याची खूण ओळखता येते. काही आठवड्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना साधारण एकाच उंचीचे आखूड केस उभे राहू लागतात, आणि कंगव्यात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ नसते. मुळापासून गळालेल्या केसाला ती असते, मध्येच तुटलेल्याला नसते. अशी खूण दिसली तर पुढचा टच-अप लांबवा, मग मुळाशी कितीही वळण दिसो.

त्या बाईंसाठी आम्ही वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या तोंडावर, फक्त कानशिलाजवळचे आणि पुढचे केस करायचे ठरवले. मागचा भाग तसाच ठेवला. पूर्ण डोक्याचे टच-अप पार्लरवाले सुचवतात, पण तुमचे मागचे वळण खाली असेल तर त्याची गरज क्वचितच पडते.

परतीचा मार्गही आधीच पाहून ठेवा. सरळ केलेला केस पुन्हा वळणाचा करता येत नाही, तो कापावाच लागतो. पाठीच्या मध्यापर्यंतची लांबी तशीच राखून परत यायचे म्हटले तर तीन-चार वर्षे लागतात. खांद्यापर्यंत कापायची तयारी असेल तर साधारण दोन वर्षांत काम होते. या काळात वरचे वळण खालच्या सरळ केसाच्या वजनाने ताणले जाते, त्यामुळे ते तुमच्या खऱ्या वळणापेक्षा सपाट दिसते. कित्येक जणी त्यावरून "माझे वळण आता गेलेच" असे समजून पुन्हा रिबाँडिंग करून घेतात. तसे समजू नका, खालचे सरळ केस कापले गेले की वळण उठते.

पार्लरमध्ये स्मूदनिंग हे नाव ऐकाल. ते बहुधा याच रसायनाचे सौम्य रूप असते, म्हणजे मुळाशी फरक त्यातही येतो. केरॅटिन वेगळे आहे. ते तीन ते पाच महिन्यांत हळूहळू उतरते, त्यामुळे स्पष्ट पट्टा दिसत नाही. पण त्यातली काही उत्पादने इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मलडिहाइड सोडतात, आणि ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या काहींमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

माझे मत विचाराल तर तुमची मुख्य तक्रार पावसाळ्यातल्या फुगण्याची आहे, आणि त्यातला मोठा भाग कोरडे केस विंचरण्याने वाढतो. कोरड्या केसावर कंगवा फिरला की वळणाची बट सुटते आणि प्रत्येक केस वेगळा उभा राहतो. दोन महिने फक्त ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसातच कंगवा घाला, ओल्या केसालाच थोडे जेल लावून मूठभर बटा खालून वर दाबा, वाळेपर्यंत सोडून द्या आणि मधल्या दिवसांत बोटांनीच गुंता काढा. धुण्याच्या दिवशी यासाठी साधारण पंधरा मिनिटे जादा लागतात. एवढे करूनही फुगणे सुसह्य होत नसेल, आणि भांगाजवळचा तुमचा आकडा ८ सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर रिबाँडिंग तुम्हाला जड जाणार नाही. आकडा ४ च्या आत असेल तर मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

करायचे ठरलेच तर आठवडाभर आधी कानामागची एक बट करून पाहायला सांगा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मेंदी, रंग किंवा ब्लीच लावले असेल तर ते आवर्जून सांगा. तुमच्या लांबीच्या केसाच्या टोकांवर ते अजून असते. मेंदीचा थर असलेल्या केसात क्रीम सारखे शिरत नाही, आणि ब्लीच केलेला केस त्या क्रीमने तुटतो. ती बट ओली करून हलकेच ताणा. रबरासारखी लांबली आणि परत आली नाही, तर त्या केसावर हे काम करू देऊ नका.