मंगलाष्टकाच्या चालीत दहा शिव्या

प्रश्न : जुन्या नाटकांतल्या लांबलचक, अलंकारिक शिव्या आजच्या साध्या शिवीपेक्षा जास्त हसू का आणतात? आम्हाला एकांकिकेत तशा काही लिहायच्या आहेत. कशा लिहाव्यात?

उत्तर : आपला प्रश्न वाचला आणि तीस वर्षांपूर्वीचे एक भांडण पुन्हा वर आले. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी तेव्हा अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. १९९४ च्या गणेशोत्सवात आमच्या गावाने ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा पहिला अंक मराठीत करायचे ठरवले आणि शकाराची भूमिका माझ्याकडे आली. प्रसंग आपल्याला ठाऊक असेल. उज्जयिनीच्या रस्त्यावर अंधारात गणिका वसंतसेना पळते आहे आणि तिच्या मागे राजाचा मेहुणा शकार, त्याचा सोबती विट आणि त्याचा नोकर चेट असे तिघे लागले आहेत. (राजाचा साला असल्याचा त्याला विलक्षण अभिमान आहे. आपल्याकडे तोच शब्द पुढे शिवी म्हणून चालू लागला, याच्या तोडीचे दुसरे शासन त्याच्यासाठी मला सुचत नाही.) दिग्दर्शक बाहेरून बोलावलेले होते. त्यांनी पहिल्याच तालमीत फर्मावले की शकार मूर्ख आहे, तेव्हा तो अहिराणीत बोलेल, त्याच्या शिव्यांची यादी तीनवर आणायची आणि शेवटी एक गावठी शिवी ठेवून द्यायची, म्हणजे लोक हसतील.

मला दोन्ही सूचना पटल्या नाहीत, पण पहिल्या प्रयोगाला मी तसेच केले. शिवीवर मागच्या रांगेतून शिट्टी आली. शिट्टीला हसू समजण्याची चूक बरेच नट करतात. हसणारा माणूस पुढचे वाक्य ऐकायला थांबतो. शिट्टी मारणाऱ्याचे काम मात्र तिथेच संपलेले असते. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका, ज्या घरी दिवसभर अहिराणीच बोलतात, त्या मान खाली घालून पदराशी चाळा करीत होत्या. मूर्खाच्या तोंडी आपली भाषा घातली की काय होते, हे मी त्या दिवशी रंगमंचावरून पाहिले.

त्या रात्री मी मूळ श्लोक पुन्हा काढून बसलो. पहिल्या अंकात शकार वसंतसेनेला ओळीने नावे ठेवत जातो. नाणी चोरणाऱ्यांच्या वासनेचा चाबूक, मासे खाणारी, नाचरी, नकटी, कुळबुडवी, कोणाला न जुमानणारी, मदनाची पेटी अशी ती यादी चढत जाते. तिसऱ्या ओळीला त्याचा साठा संपतो आणि मग ‘वेश’ या एकाच शब्दावर, म्हणजे कधी गणिकांच्या वस्तीवर तर कधी पोशाखावर, तो चार नावे काढतो : वेशवधू, सुवेशनिलया, वेशांगना, वेशिका. शेवटी तो हताश होऊन तक्रार करतो की मी हिला दहा नावे दिली, तरी अजून ही मला इच्छीत नाही. प्रेमाची याचना करायला आलेला माणूस शिव्यांची गिनती करून त्यांचा मोबदला मागतो आहे. मराठीत तर ‘नावे ठेवणे’ हा वाक्प्रचार आयताच हाताशी असल्यामुळे मूळ संस्कृत नाटककाराला न मिळालेला एक विनोद आपल्याला फुकट मिळतो.

पण खरी चावी मला त्या श्लोकाच्या वृत्तात सापडली. तो शार्दूलविक्रीडितात आहे. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे क्षणभराचा थांबा. आपल्या प्रत्येक लग्नात भटजी ज्या वृत्तात मंगलाष्टके म्हणतात तेच हे वृत्त. मी वर्गात हे वृत्त कितीदा शिकवले असेल, पण बाईला नकटी म्हणणारा श्लोक आणि अंतरपाटाआडून ऐकलेला श्लोक एकाच मापाचे आहेत, हे त्या रात्रीपर्यंत डोक्यात आले नव्हते. मग मी मराठीत श्लोक बांधायला घेतला. त्याची पहिली आणि शेवटची ओळ अजून पाठ आहे :

ही मासे गिळते, नटीच, नकटी, वंशास जाळी पुरी
नावे ही दश ठेविली, तरि न ती माझ्या गळा ये कधी

दुसऱ्या प्रयोगाला मी हा श्लोक मंगलाष्टकाच्या चालीत, तारस्वरात, एकेका नावाला एकेक बोट उघडत म्हटला. माझ्या हातात पंखा होता. पहिल्या पाच नावांना डावा हात पुरला, पण सहाव्या नावाला उजवा हात लागला आणि पंखा कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तो काखेत मारला. हे ठरवलेले नव्हते. चाल न मोडता पंखा काखेत घेऊन सातवे नाव उघडताच पहिले मोठे हसू आले. ‘नकटी’नंतरच्या यतीला तर पुढच्या रांगेतली एक आजीबाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “हाऊ शिव्या दी ऱ्हायना का मंगलाष्टक म्हनी ऱ्हायना?” शेवटच्या ओळीला मांडवाच्या कडेने कोणीतरी ओरडले, “सावधान!” आणि त्यानंतर दोन मिनिटे वसंतसेनेला तिचे वाक्य बोलता आले नाही.

आता आपल्या ‘का’ला माझे उत्तर असे आहे. राग आलेल्या माणसाचा श्वास तुटतो आणि त्याची वाक्ये आखूड होतात. जो मनुष्य मात्रा मोजतो, यती सांभाळतो, उपमा शोधतो, तो आता हात उगारणार नाही हे प्रेक्षकाला आतून कळते. भीती गेली की कान मोकळे होतात आणि प्रेक्षक शिवीकडे कारागिरी म्हणून पाहू लागतो. त्यात भांडे केवढे आणि आत काय शिजते आहे यातली विसंगती जेवढी मोठी, तेवढे हसू मोठे. मंगल प्रसंगाच्या भांड्यात ‘नकटी’ वाढली की विसंगती सांगावी लागत नाही, कानालाच ती ऐकू येते. साध्या शिवीत भांडे आणि पदार्थ एकाच मापाचे असतात, म्हणून ती बोचते किंवा विरून जाते, पण हसवीत नाही.

शकाराची दुसरी खोड म्हणजे चुकलेली पुराणे. रावणाच्या हाती कुंती सापडावी तशी तू माझ्या हाती सापडली आहेस, असे तो वसंतसेनेला दरडावतो. धमकी खरी आहे, माणूस सत्तेतला आहे, अंधार आहे, पण रामायणातला रावण आणि महाभारतातली कुंती एकत्र आल्याबरोबर धमकीचे हसे होते. हे वाक्य आमच्याकडे पहिल्या प्रयोगालाही चालले होते, कारण हरिनाम सप्ताहात वाढलेल्या प्रेक्षकाला सीता कोणाची आणि कुंती कोणाची हे समजावावे लागत नाही. आपला प्रेक्षक तसा नसेल तर हा प्रकार वापरू नका. चूक ओळखता आली नाही तर ती उपमा केवळ लांब वाटते, आणि तसे झाले की प्रेक्षक खोकू लागतात. खोकला हे माझ्या अनुभवात सर्वांत प्रामाणिक परीक्षण आहे.

अलंकारिक शिवी फक्त मूर्खाच्याच तोंडी शोभते असे मात्र नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये केंट हा उमराव ऑस्वाल्ड नावाच्या उर्मट नोकराला अशीच दीर्घ यादी ऐकवतो, पण तिथे प्रत्येक शब्द नेमका आहे. उष्टे खाणारा, तीन पोशाखांचा, रेशमी सोडून लोकरी मोजे घालणारा, सगळी मालमत्ता एका पेटीत मावणारा. म्हणजे शिवीतूनच त्या नोकराची पगारपत्रिका आणि कपाट उघडे होते. थोड्याच वेळाने केंट त्याला ‘झेड’ म्हणतो, अनावश्यक अक्षर म्हणतो, कारण त्या काळच्या इंग्रजीत ‘एस’ बहुतेक ठिकाणी त्याचे काम करीत असे. हे मराठीत आणताना ‘अरे झेड’ लिहिणारा भाषांतरकार आळशी आहे असे मी म्हणेन. आपल्या परंपरागत वर्णमालेत दीर्घ ॡ बसलेला आहेच, आणि तो ज्यात येतो असा एक शब्दही कोणाला सांगता येत नाही. “अरे ॡ, पाटीवरच्या निरुपयोगी अक्षरा” असे म्हटले तर दुसरीतला मुलगासुद्धा हसेल.

लिहिताना मग एवढेच करा की आधी भांडे निवडा. मंगलाष्टक, आरती, सरकारी परिपत्रक, लग्नपत्रिका, सातबारा, काहीही चालेल, पण प्रेक्षकाच्या कानात ते आधीपासून बसलेले हवे. त्याची चाल शेवटपर्यंत मोडू नका. ज्याला शिवी दिली जाते त्याला रंगमंचावर थांबवून ठेवण्याचे कारणही द्या, नाहीतर एवढे ऐकून घेत तो उभा का राहिला हा प्रश्न पडतो. आमची वसंतसेना खांबाआड लपलेली होती, म्हणून निभावले. नटाच्या मानेची शीर फुगली की ओळ कापा, कारण खरा राग दिसताच भांडे फुटते.

त्या दिग्दर्शकांची आणि माझी गाठ अजूनही लग्नसमारंभात पडते आणि ते अजूनही म्हणतात की मास्तर, तुम्ही भाषाशुद्धीसाठी माझा शकार बिघडवला. न्यायाने बोलायचे तर त्यांच्या बाजूलाही शास्त्र आहे. मूळ नाटकात नायक चारुदत्त संस्कृत बोलतो आणि शकार प्राकृत, तेही ‘स’च्या जागी ‘श’ म्हणत. त्याच्या बोलीची थट्टा नाटककारानेच केलेली आहे. शिवाय मी सांगितलेला श्लोकही प्राकृतातच आहे, तेव्हा नटवी भाषा म्हणजे संस्कृतप्रचुर भाषा असा माझ्या बोलण्याचा अर्थ घेऊ नये. माझा आक्षेप एवढाच होता की ती प्राकृत उज्जयिनीच्या नाटकातली संकेताची भाषा होती, आणि अहिराणी समोर बसलेल्या बायकांची घरची होती. शार्दूलविक्रीडित अहिराणीतही उत्तम बसते. मी ते पुढे करून पाहिले, पण त्या वेळी श्लोक शकाराला न देता त्याला उत्तर देणाऱ्या दासीला दिला, आणि आजीबाईंचे ते वाक्यही तिच्याच तोंडी घातले. त्या प्रयोगाला दिग्दर्शक महाशय आले नव्हते.