गृहकर्जाच्या तक्त्यात सुरुवातीच्या हप्त्यांतलं व्याज कसं वाचायचं?

प्रश्न: लातूरला घरासाठी २० लाखांचं कर्ज घेतलंय, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता १७,९९५. वर्षभर हप्ते भरले, तरी मुद्दल जेमतेम ३७ हजारांनी कमी झालं. बँकेनं चूक केली का?

नाही, हिशोब बरोबर आहे. तक्त्याची पहिलीच ओळ घ्या. शिल्लक २० लाख, दर महिन्याला पाऊण टक्का, म्हणून व्याज १५,०००. हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात फक्त २,९९५ जातात. दुसऱ्या ओळीत व्याज १४,९७८, मुद्दल ३,०१७. व्याज नेहमी उरलेल्या शिलकेवर लागतं आणि सुरुवातीला शिल्लकच मोठी असते. म्हणून वर्षभरात भरलेल्या सुमारे २ लाख १६ हजारांपैकी १ लाख ७८ हजार व्याजात गेले. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो तो थेट १४९ व्या हप्त्यात. निम्मं कर्ज फिटायला १४ वर्षं लागतात.

कोणतीही ओळ एक्सेलमध्ये पडताळता येते. पहिलं सूत्र व्याज देतं, दुसरं मुद्दल; सूत्रातला १ हा हप्त्याचा क्रमांक:

```
=IPMT(9%/12,1,240,-2000000)
=PPMT(9%/12,1,240,-2000000)
```

बँकेच्या उताऱ्यात दोन-तीनशे रुपयांचा, फेब्रुवारीत तर बाराशेंपर्यंतचा फरक दिसला तर घाबरू नका. बऱ्याच बँका व्याज दिवसांवर मोजतात. ३१ दिवसांच्या महिन्यात २० लाखांवर १५,००० ऐवजी १५,२८८ येतात, तर २८ दिवसांच्या फेब्रुवारीत १३,८०८. फरक दर महिन्याला एकाच बाजूला वाढत असेल, तर मात्र व्याजदर बदललाय का ते विचारा.

तक्त्याचा खरा उपयोग पुढे आहे. समजा सोयाबीन विकून लाखभर रुपये हातात आले आणि बारावा हप्ता भरल्याबरोबर ते कर्जात टाकले. आता मुद्दलाच्या रकान्यात तेराव्या ओळीपासून बेरीज करत खाली या. ३९ व्या ओळीपर्यंत ती सुमारे ९७,६०० होते. म्हणजे २७ ओळी एका झटक्यात गळाल्या, आणि त्या ओळींतलं सुमारे ३ लाख ८८ हजारांचं व्याज कधीच भरावं लागणार नाही. तेच लाख रुपये १४९ व्या हप्त्यानंतर टाकले तर जेमतेम १० ओळी गळतात. म्हणून जादा पैसे टाकायचेच असतील तर लवकर टाका.

इथंच एक गोष्ट हमखास चुकते. भरणा करताना अर्जात ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं स्पष्ट लिहून द्या. बँकेनं मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर एकही ओळ गळत नाही आणि वाचणारं व्याज बरंच कमी भरतं. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. पैसे भरल्यावर नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का, ते आधी बघा.