दूध नसेल तर कशाने होम करशील?

प्रिय,

तुझा ड्राफ्ट वाचला, दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू जे म्हटलंयस की ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे यज्ञाचा अर्थ सांगणाऱ्या वैदिक गद्य ग्रंथांत, नुसतं कर्मकांड होतं आणि उपनिषदांनी त्याविरुद्ध बंड केलं, तिथे मी थांबलो. हे वाक्य पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येतं की ते खरंय का असं कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं असंय की यज्ञाबद्दलचेच प्रश्न शेवटपर्यंत ताणत नेले आणि त्यातनं तत्त्वज्ञान निघालं, बाहेरून कोणी आणून ठेवलं नाही. आणि हे दाखवायला एकच कर्म पुरेसं आहे, अग्निहोत्र. सोमयाग, अश्वमेध, सगळं बाजूला ठेव, एकच धागा धर.

आधी कर्म नीट समजून घे, कारण ते डोळ्यासमोर नसलं तर पुढचं सगळं हवेत राहतं. अग्निहोत्र म्हणजे रोज संध्याकाळी आणि सकाळी दुधाचा होम. पश्चिमेला गार्हपत्य अग्नी, गोल कुंडात, त्यातनं विस्तव उचलून पूर्वेच्या चौकोनी आहवनीयात न्यायचा. त्यासाठी राखलेली एक गाय असते, तिचं दूध काढायचं, गार्हपत्यातले निखारे थोडे बाजूला ओढून त्यावर तापवायचं, मग स्रुवाने म्हणजे लाकडी चमच्याने पळीत म्हणजे अग्निहोत्रहवणीत घ्यायचं आणि आहवनीयात दोन आहुती द्यायच्या. पहिली मंत्राने, संध्याकाळी अग्नीच्या नावाने आणि सकाळी सूर्याच्या नावाने, दुसरी मनातल्या मनात, प्रजापतीला. बस एवढंच. पण हे सुटत नाही, शतपथ ब्राह्मण याला जरामर्य सत्र म्हणतं, म्हातारपण किंवा मरण आलं तरच सुटका.

आता जे रोज, मरेपर्यंत करायचंय त्यात अडचण येणारच ना, गाय आटली, प्रवासात आहोत, दुष्काळ पडला, मग काय करायचं? हा अगदी व्यवहारातला प्रश्न आहे आणि याज्ञिकांकडे त्याची उत्तरं तयार असायची, याच्याऐवजी ते, ते नसेल तर अमुक, त्याला प्रतिनिधी द्रव्य म्हणतात.

शतपथाच्या ११व्या कांडात (११.३.१) विदेहाचा राजा जनक नेमकं हेच याज्ञवल्क्याला विचारतो. अग्निहोत्र माहितीये का? हो सम्राट, माहितीये. काय आहे ते? दूधच. दूध नसेल तर कशाने होम करशील? तांदूळ आणि जवाने. तेही नसतील तर? दुसऱ्या धान्य-वनस्पतींनी. त्याही नसतील तर? रानातल्या वनस्पतींनी. त्याही नसतील तर? झाडाच्या फळाबिळाने. तेही नसेल तर? पाण्याने. आणि पाणीही नसेल तर? इथपर्यंत हे कुठल्याही श्रौत पद्धतीच्या पोथीत शोभेल असं चाललंय, एकही प्रश्न नियमाबाहेरचा नाही. फक्त जनक थांबत नाही. आणि याज्ञवल्क्य म्हणतो, तेव्हा तर इथे काहीच नव्हतं, तरीही होम होतच होता, सत्याचा, श्रद्धेमध्ये. जनक म्हणतो तुला अग्निहोत्र कळलंय, शंभर गाई देतो.

हे शेवटचं उत्तर नीट बघ. द्रव्याच्या जागी सत्य आलंय आणि अग्नीच्या जागी श्रद्धा. म्हणजे होमाचा सांगाडा तसाच आहे, अर्पण करायची वस्तू आणि ती ज्यात अर्पण करायची ते, फक्त दोन्ही जागा आता बाहेरच्या नाहीत. शिवाय वाक्य भूतकाळात आहे, "असेल" नाही, "होता". प्रश्न होता काही उरलं नाही तर काय आणि उत्तर गेलं काही नव्हतं तेव्हा काय होतं याच्याकडे. ही उडी कोणी यज्ञ नाकारून मारलेली नाही, प्रतिनिधीचा नियम संपेपर्यंत वापरला म्हणून ती मारावी लागली. मला हा उतारा संपूर्ण वैदिक वाङ्मयातल्या सगळ्यात मोलाच्या उताऱ्यांपैकी वाटतो आणि तुझ्या पेपरमध्ये त्याचा उल्लेखही नाही, म्हणून एवढं मोठं पत्र.

याच कांडात पुढे (११.६.२) दुसरी गोष्ट आहे. जनकाला प्रवासात तिघं ब्राह्मण भेटतात, श्वेतकेतू आरुणेय, सोमशुष्म सात्ययज्ञी आणि याज्ञवल्क्य. तो तिघांना विचारतो तुम्ही अग्निहोत्र कसं करता. पहिला म्हणतो एका तेजस्वी उष्णतेत दुसरीचा होम करतो, दुसरा म्हणतो तेजात तेजाचा, म्हणजे अग्नी आणि सूर्य. याज्ञवल्क्य मात्र एकेक कृती घेऊन सांगतो, मी अग्नी उचलतो तेव्हा मावळत्या सूर्यामागे निघालेले देव परत फिरतात, भांडी धुतो, गाय दोहतो, त्यातनं त्यांना तृप्त करतो. जनक म्हणतो सगळ्यात जवळ तू पोचलास, शंभर गाई घे, पण त्या दोन आहुती वर कशा जातात, कुठे पोचतात, कुठे टेकतात, परत कशा येतात हे तुलाही माहीत नाही. आणि रथावर चढून निघून जातो.

मागे राहिलेल्यांना राग येतो, या राजन्याने म्हणजे क्षत्रियाने आपल्याला बोलण्यात हरवलं, चला वादाला बोलवू. याज्ञवल्क्य म्हणतो आपण ब्राह्मण, तो राजन्य, आपण जिंकलो तर कोणाला जिंकलं म्हणून सांगणार, आणि तो जिंकला तर लोक म्हणतील राजन्याने ब्राह्मणांना हरवलं, सोडा. आणि मग स्वतः रथ जोडून जनकाच्या मागे जातो आणि विचारून घेतो.

जनक जे सांगतो ते असं: आहुती वर जाऊन अंतरिक्षात शिरतात, अंतरिक्षालाच आहवनीय करतात, वाऱ्याला समिधा. तिथनं द्युलोकात, तिथे सूर्य समिधा. मग परत पृथ्वीवर, अग्नी समिधा आणि वनस्पती आहुती. मग पुरुषात, तोंड आहवनीय, जीभ समिधा, अन्न आहुती, आणि हे जाणून जो जेवतो त्याचं अग्निहोत्र जेवणातच होतं. मग स्त्रीमध्ये आणि तिथनं मूल जन्मतं. बदललेला प्रश्न लक्षात घे, आता "कशाने होम करायचा" हा प्रश्न नाहीये, "होमलेलं जातं कुठे" हा आहे. त्याचं उत्तर द्यायला गेलं की पाऊस, अन्न, जन्म सगळं त्यात येतं. याज्ञवल्क्य त्याला वर देतो आणि जनक मागतो हवं तेव्हा प्रश्न विचारायची मुभा.

आता बृहदारण्यक उघड, ४.३.१. आत्मा म्हणजे काय, माणसाला उजेड कशाचा, हा प्रसिद्ध संवाद सुरू होताना उपनिषद स्वतःच सांगतं की पूर्वी अग्निहोत्रावर बोलणं झालं तेव्हा याज्ञवल्क्याने हा वर दिला होता, म्हणून जनक विचारू शकला. म्हणजे आत्मविद्येचा हा अख्खा संवाद अग्निहोत्राच्या चर्चेच्या जोरावर उभा आहे. आणि हा काही योगायोग नाही, बृहदारण्यक हे वेगळं पुस्तकच नाही, माध्यंदिन शाखेच्या पाठात ते शतपथाच्याच १४व्या, शेवटच्या कांडाचा भाग आहे, त्याच कांडाची सुरुवात प्रवर्ग्य या कर्माने होते.

मग ६.२ वाच, पंचाग्निविद्या. पांचालांचा राजा प्रवाहण जैवली श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारतो, एकाचंही उत्तर येत नाही, मग त्याचा बाप उद्दालक आरुणी स्वतः राजाकडे शिष्य म्हणून जातो. उत्तरात पुन्हा पाच अग्नी, तो लोक, पर्जन्य, हा लोक, पुरुष, स्त्री, आणि पहिल्या अग्नीत देव कशाचा होम करतात तर श्रद्धेचा. आणि जे अरण्यात श्रद्धा आणि सत्याची उपासना करतात ते परत न येणाऱ्या वाटेने जातात, जे यज्ञ, दान, तपाने लोक मिळवतात ते परत येतात. जनकाच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आठवतंय ना, तेच दोन शब्द इथे बसलेत. इथे मात्र खरोखर नवीन काहीतरी घडलंय हे मी मान्य करतो: आधी जाणून होम करणारा आणि न जाणता करणारा असा फरक होता, आता जाणणारा आणि होम करणारा यांच्या वाटाच वेगळ्या झाल्या. पुनर्जन्म आला. तुझ्या "बदल" या शब्दाला खरा आधार मिळतो तो इथे, बंडाला नाही.

क्षत्रियांनी ही विद्या काढली असं तू लिहिलंयस, कारण जैवली म्हणतो की ही आधी कुठल्याच ब्राह्मणाकडे नव्हती. वाक्य खरंच आहे ग्रंथात. पण ग्रंथ जपणारे, शिकवणारे ब्राह्मणच होते आणि त्या विद्येची एकेक वीट अग्निहोत्राच्या ब्राह्मणभागातली आहे हे आत्ताच बघितलंस. राजाच्या तोंडी घालण्यात दरबाराचा, आश्रयाचा संबंध असू शकतो, त्यावरून लेखकाची जात ठरवू नको.

कौषीतकी उपनिषद (२.५) मात्र जरूर घे, तिथे भाषा सगळ्यात धीट आहे. माणूस बोलतो तेव्हा प्राणाचा वाणीत होम करतो, श्वास घेतो तेव्हा वाणीचा प्राणात, या दोन आहुती जागेपणी, झोपेत सतत चालू असतात, बाकीच्या आहुतींना अंत आहे, म्हणून पूर्वीचे जाणते अग्निहोत्र करत नसत. इथे बाहेरचा होम सोडायचं सरळ समर्थन आहे, पण तेही याला "आंतर अग्निहोत्र" म्हणूनच. छांदोग्याच्या ५व्या अध्यायाच्या शेवटी जेवणाचा पहिला घास प्राणाला आहुती म्हणून सांगितलाय, आणि आपल्याकडे चित्राहुती घालून प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा म्हणणारी आजोबा मंडळी हेच करत होती, आहवनीय घरात नसताना.

मुंडक उपनिषदातला "यज्ञ म्हणजे फुटक्या होड्या" हा श्लोक तू सगळ्या उपनिषदांचं मत म्हणून दिलायस. ते मुंडकाचं मत आहे, आणि मुंडक बृहदारण्यकानंतरचं. शिवाय त्याच मुंडकाच्या शेवटी ही विद्या कोणाला सांगावी तर जे क्रियावान आहेत, श्रोत्रिय आहेत, स्वतः होम करतात त्यांना. श्लोक उचलताना पुढचं-मागचं पान वाचायचंच, नाहीतर कुठलाही ग्रंथ काहीही बोलायला लागतो.

आणि शेवटचं एक, पंचाग्निविद्येनंतर लगेच पुढचा खंड, ६.३, वाचायचा सोडू नको, बरेच जण सोडतात. तिथे श्रीमंथ नावाचं कर्म आहे, उंबराच्या लाकडाची चार साधनं, दहा प्रकारची धान्यं दळून दही, मध, तुपात भिजवायची, होम करायचा, सगळी पद्धत पायरी पायरीने. आणि ते याज्ञवल्क्याला शिकवतो कोण, तर उद्दालक आरुणीच, एक खंड आधी जो राजासमोर शिष्य होऊन बसला होता. तुझा पेपर मी तुझ्या जागी असतो तर या दोन खंडांच्या शेजारीपणावरूनच सुरू केला असता, मग मागे जाऊन ११.३.१. श्रौतातल्या पायऱ्यांसाठी पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाचा श्रौतकोश लायब्ररीत असेल, अग्निहोत्राचा भाग आधी बघून घे. नवीन ड्राफ्ट झाला की पाठव, टीपा नंतर बघू, आधी उतारे क्रमाने लाव.