ॲपमधले 'ते' सहा दिवस

प्रश्न: माझी पाळी कधी २७ दिवसांनी येते, कधी ४० दिवसांनी. ॲप दाखवतं त्याच दिवसांत चार महिने प्रयत्न करतोय, पण दिवस राहत नाहीत. ॲप चुकतंय का?

बहुतेक चुकत असणार. नुसत्या तारखा भरल्या तर ॲपला स्त्रीबीज कधी बाहेर पडलं हे कळायला मार्गच नसतो. ते मागच्या चक्रांची सरासरी काढतं, पुढच्या पाळीची तारीख ठरवतं आणि तिथून साधारण १४ दिवस मागे मोजतं.

माझीच पाच चक्रं सांगते: २७, ४१, ३३, ३८ आणि ३१ दिवसांची. सरासरी ३४. म्हणून ॲपच्या लेखी बीज २०व्या दिवशी, आणि आधीचे पाच धरून १५ ते २० हे दिवस गर्भधारणेचे. (शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज जेमतेम एक दिवस.) पाळ्या येऊन गेल्यावर मी वही घेऊन उलटं मोजलं. २७ दिवसांच्या चक्रात बीज १३व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडलं असणार, म्हणजे ॲपचे दिवस सुरू होण्याआधीच सगळं आटोपलं होतं. ४१च्या चक्रात खरे दिवस २२ ते २७, तोवर आम्ही दमून थांबलो होतो. ३३च्या चक्रात तेवढे पाच दिवस जुळले. आणि गंमत म्हणजे ३४ दिवसांचं चक्र त्या पाचांत एकही नव्हतं.

पाळी मागेपुढे होते ती मुख्यतः बीज तयार व्हायला लागणाऱ्या वेळामुळे. बीज बाहेर पडल्यानंतरचे दिवस त्या मानाने स्थिर असतात. पण तेही सगळ्यांचे १४ नसतात, त्यामुळे माझा उलटा हिशोबही अंदाजच.

तारखेपेक्षा शरीराकडे बघा. बीज बाहेर पडायच्या आधी काही दिवस स्राव पातळ, निसरडा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. तो दिसला की ते दिवस तुमचे, ॲप काहीही म्हणो. सोबत लघवीची ओव्ह्युलेशन पट्टी वापरता येते. ती पॉझिटिव्ह आली की साधारण दीड दिवसात बीज अपेक्षित असतं. तुमच्या सर्वांत छोट्या चक्राप्रमाणे लवकर, साधारण १०व्या दिवसापासून, तपासायला लागा. पीसीओएस असेल तर मात्र पट्टी बीज न सुटताही पॉझिटिव्ह येऊ शकते. रोज सकाळी तापमान मोजण्याचा सल्लाही मिळेल. ते वाढतं बीज सुटल्यानंतर, म्हणजे त्या महिन्यापुरती संधी गेल्यावर.

पाळी इतकी मागेपुढे होत असेल तर वर्षभर थांबू नका, आत्ताच डॉक्टरांना दाखवा. काही चक्रांत बीज सुटतच नसेल, आणि ॲप तेव्हाही तारखा दाखवतच राहील. बीज सुटलं की नाही हे बघायला '२१व्या दिवशी' प्रोजेस्टेरॉनची तपासणी सांगितली, तर तुमची चक्रं किती लांब जातात ते आधी सांगा. तो २१वा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे; रक्त द्यायचं असतं पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी.